अकरा नंबरची झेरॉक्स

पायलच्या नावाने पोलिसांची नोटीस आली आणि मी सगळ्यात आधी पायललाच झापलं.

"कोणाले दिली होती आधारची झेरॉक्स? जिथं मागतील तिथं वाटत फिरता अन् मंग रडत येता!"

"मी कुठी वाटली हो काकू?" ती दारातच उभी होती. घरात ये असंही मी तिला म्हटलं नाही. "मले तं तो नंबरच माहीत नाई."

नोटीस परराज्यातल्या एका गुन्ह्याची होती. कोणीतरी म्हाताऱ्या माणसांना फोन करून 'रात्री लाईट कापणार आहे' म्हणायचं आणि बोलता बोलता त्यांचं खातं साफ करायचं. ज्या नंबरवरून हे चालायचं, तो नंबर पायलच्या नावावर होता. नेमकी याच महिन्यात तिची आरोग्य सेविका म्हणून निवड झाली होती. आमच्या बचत गटातली पहिली सरकारी नोकरी. चारित्र्य पडताळणीचा अहवाल सोमवारी ठाण्यातून जायचा होता. त्यात 'चौकशी सुरू' असे दोन शब्द पडले की झालं, यादीतली मागच्या नंबरावरची बाई तयारच बसली होती.

मी महामाया. गटाची सचिव आहे. बारा बायांचा गट आठ वर्षं चालवणं खायचं काम नाही. दुसऱ्या गटांतल्या बाया एकेका झेरॉक्ससाठी तालुक्याला, नांदुऱ्याला दहा चकरा मारतात. माझ्या बायांना मी एकही मारू दिली नाही. प्रत्येकीकडून एकदाच आधारच्या पाच झेरॉक्सा घ्यायच्या, पाचही कागदांवर सही करून घ्यायची, दोन फोटो टाचायचे, फाईलला लावून टाकायचं. बँकेने मागितलं दे, पंचायत समितीने मागितलं दे. अधिकारीसुद्धा म्हणायचे, गट असावा तर असा. मला त्याचा फार गर्व होता, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पायलला घेऊन मी नांदुऱ्यात मोतीरामच्या झेरॉक्सच्या दुकानावर गेले आणि दहा गिऱ्हाइकांसमोर त्याची खरडपट्टी काढली.

"तुमच्याच मशीनमधून गेली असंन हिची झेरॉक्स! एक कॉपी आमाले, एक तुमाले, असा धंदा करून राह्यले काय?"

मोतीराम माझ्यापेक्षा वरच्या आवाजात बोलला. "तोंड सांभाळून बोला बाई! लोकं काचेवर ओरिजिनल इसरून जाते, मी रस्त्यापर्यंत पळत जाऊन देतो. मोबाईलवर पाठोलेलं आधार प्रिंट झालं का गिऱ्हाइकासमोर डिलीट मारतो. खराब निंगालेली कॉपीबी फाडून देतो. चोर माह्या दुकानात काऊन पाह्यता? घरी पाहा."

घरी पाहा म्हणे! मी तणतणत तिथून निघाले. चोराच्या उलट्या बोंबा, असं पायलला म्हणालेही.

तिथून ठाण्यात गेलो, तिथे रंगराव जमादार होते. माणूस खडूस, पण कामाला पक्का. त्यांनी कंपनीकडून आलेला सिमचा फॉर्म टेबलावर टाकला.

"हा फोटो तुमचाच?"

"हाव," पायल म्हणाली.

"सही?"

"माहीच दिसते. पण मी हा फॉर्म भरला नाई, साहेब."

"ऑगस्ट बावीसचा आहे. तवा कागदी फॉर्म चालत होते. फोटो चिपकवला, सही केलेली झेरॉक्स लावली, का झालं सिम चालू. चोवीस सालापासून ते बंद केलं, आता माणूस समोर लागते. पण जुने निंगून राह्यले एकेक." त्यांनी झेरॉक्सवर बोट ठेवलं. "कायच्यासाठी दिली, कोणाले दिली, तारीख, काहीच लिवलं नाई यावर. कोरी झेरॉक्स अन् खाली सही. ही तं चोराले चिठ्ठी लिवून देल्यासारखी झाली. कार्डाच्या चित्रावरून आडवं लिवत जा, फक्त अमक्या कामासाठी म्हणून. खाली रिकाम्या जागेत लिवलं तं कापून टाकते लोकं. अन् जिथं चालते तिथं पुरा नंबर दिसणारं आधार देऊच नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं डाउनलोड होते."

मग त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "अन् हे कोपऱ्यात काय आहे?"

कोपऱ्यात अकरा लिहिलं होतं. अकराभोवती गोल, गोलाखाली दोन रेघा.

फाईलला लावताना मी प्रत्येक कागदावर सभासद नंबर टाकते. गोल करते, खाली दोन रेघा मारते. पायल आमच्या गटाची अकरा नंबरची सभासद आहे.

पायलनेही तो आकडा पाहिला. गटाच्या पासबुकावर तिने तो शंभरदा पाहिलेला आहे. तिने वर मान करून माझ्याकडे पाहिलं.

"माहीत नाई बा," मी जमादारांना म्हटलं. "कंपनीवाल्यायनं टाकला असंन."

रंगराव माझ्याकडे बघत राहिले. "ही झेरॉक्स कोणाजवळून गेली ते सापडलं तं मी तसं लिवू शकतो. नाई तं फोटो हिचा, सही हिची, कागद हिचा. सोमवारी मले जे आहे तेच लिवा लागीन." आणि पायलला त्यांनी एक कागद दिला. त्यावर संचार साथी या सरकारी वेबसाईटचं नाव होतं. "इथं आपला नंबर टाका, ओटीपी येते. आपल्या नावावर किती सिम आहे ते दिसते. जो आपला नाई त्याच्यापुढं तसं कळवून टाका."

बस येईपर्यंत आम्ही फलाटावर शेजारी उभ्या होतो. बस आल्यावर ती पुढच्या दाराजवळ बसली, मी मागे. उतरताना फक्त म्हणाली, "काकू, फाईल तुमच्याच कपाटात राह्यते ना?"

मी तिला काय सांगणार होते? मला आठवत होतं, बावीस साली त्या पावसाळ्यात माझा मुलगा प्रसेनजित स्टेशन रोडवर छत्री लावून सिम विकत होता. महिन्याचं टार्गेट होतं, ते झालं नाही तर कमिशन बुडायचं. पंधरा दिवस तोंड पाडून फिरला आणि अचानक एका दिवसात टार्गेट पुरं झालं. पेढे आणले होते त्याने. मी गल्लीभर वाटले.

त्या संध्याकाळी तो कामावरून आला. आता एका मोबाईलच्या दुकानात असतो. जेवायला बसला तशी मी फाईल त्याच्या पुढ्यात आपटली.

"पायलचे कागद मोजले म्या. बँकेत दोन देले, पंचायत समितीत एक. राह्याले पाह्यजे दोन. आहे एक. फोटोबी एक कमी."

"मले काय माहीत?"

"प्रसेनजित!"

तो जेवणाच्या ताटावरून उठला. "तवा सगळेच करत होते! टार्गेट कुठून पुरं कराव? एक माणूस चालू सिम एकदम घेऊन जात होता. तो काय करीन ते मले काय माहीत? मले वाटलं पडून राह्यतीन, बंद होतीन. मले काही कळत होतं काय तवा?"

आईचं काळीज फार हरामी असतं. त्याचं ते शेवटचं वाक्य मी रात्रभर धरून बसले. तेवीस वर्षांचा होता. कळत नव्हतं पोराला. एका पायलसाठी माझा एकुलता एक मुलगा ठाण्यात नेऊन उभा करू? सकाळपर्यंत माझं ठरलं होतं, तोंड उघडायचं नाही. फाईल चुलीत घालायची.

पण पायल माझ्यापेक्षा लवकर उठली होती. नऊ वाजता अख्खा गट माझ्या अंगणात होता. बायांच्या हातात मोबाईल.

"काकू, आपण सगळ्याच पाहू," पायल म्हणाली. आवाज अगदी थंड. "माह्या एकटीचं गेलं का अजून कोणाचं, ते कळीन."

ती एकेकीच्या मोबाईलवर नंबर टाकत होती, ओटीपी टाकत होती. विमलबाईच्या नावावर दोन नंबर निघाले. विमलबाईकडे आयुष्यात एकच फोन आहे.

"हा दुसरा कोणाचा वं?" विमलबाई घाबरून म्हणाल्या.

पायलने पुढचा मोबाईल घेतला. रुख्मिणीच्या नावावर एक जास्तीचा. डिंपलच्या नावावर एक जास्तीचा. आणखी दोघींचे सिम नवऱ्यांच्या नावावर होते, त्यांचं काही दिसेना. माझ्यासकट राहिल्या दहा. नऊ जणींच्या नावावर त्यांना माहीत नसलेला एकेक नंबर होता. विमलबाई ओट्यावर बसून रडायला लागल्या. गावात जिच्या शब्दावर त्यांनी कोऱ्या कागदावर सह्या केल्या, ती मी समोर उभी होते, आणि शिव्या द्यायलाही कोणी तयार नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता तुमचा द्या," पायल म्हणाली.

मी मोबाईल दिला. मनात आशाच होती, खरं सांगते. माझ्याही नावावर एक निघू दे. निघाला तर मीही या बायांसारखीच फसलेली, आणि पोराला खरंच काही कळत नव्हतं.

ओटीपी आला. पायलने टाकला. स्क्रीन माझ्यापुढे धरली.

एकच नंबर होता. माझा.

माझेही कागद त्याच फाईलमध्ये होते, सगळ्यांच्या वर, एक नंबरचे. त्याने ते उचलून बाजूला ठेवले होते आणि खालून सुरुवात केली होती.

प्रसेनजित दारात उभा होता. मी त्याच्याकडे वळले.

"तुले कळत नव्हतं ना? मंग माहाच कागद काऊन सोडला?"

त्याने मान खाली घातली. माझ्या पोटच्या पोराला लाज वाटल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्याचा इतका संताप कधी आला नव्हता.

मी फाईल काखेत मारली. "चाल पायल. बस हुकीन."

"आई, थांब ना! माही नोकरी जाईन, आई!"

"तिची जाऊन राह्यली ते दिसलं नाई तुले?"

ठाण्यात रंगरावांनी माझा जबाब लिहून घेतला. आकडा माझ्या हातचा, फाईल माझ्या घरची, सिम विकणारा माझा मुलगा. पायल बाकावर बसून सगळं ऐकत होती. तिने माझे आभार मानले नाहीत, आणि का मानावे?

"ओळखीसाठी तुमच्या आधारची एक झेरॉक्स लागीन," जमादार म्हणाले.

फाईलमधून मी एक नंबरचा कागद काढला. कोरा, खाली माझी सही असलेला. त्यांचा पेन मागून घेतला आणि कार्डाच्या चित्रावरून, फोटोच्या एका कडेपासून थेट पत्त्यापर्यंत, तारीख घालून आडवं लिहिलं:

फक्त माझा मुलगा प्रसेनजित याच्याविरुद्धच्या जबाबासाठी.