जादूगार की लगोरी

ज्ञानदाच्या सातव्या वाढदिवसाला जादूगार बोलवायचा, हे इंद्रजितने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. डिसेंबरचे रविवार लवकर भरतात, आज संध्याकाळपर्यंत कळवा, असं जादूगाराने फोनवर सांगितलं होतं. तेवढंच बायकोच्या कानावर घालून तो मोकळा झाला.

"पाऊण तास तो मुलांना धरून ठेवतो. आपण फक्त खाणं लावायचं. सुटलो!" तो म्हणाला.

"सुटायचंच असेल तर पार्टी कशाला करायची?" सुमेधाने विचारलं.

इंद्रजित हवाई दलात. जोधपूर, बरेली आणि आता जूनपासून चंडीगड. दर बदलीत सुमेधा नवं घर आठवड्यात लावून टाकायची. सांगलीच्या कॉलेजात ती खो-खोची कप्तान होती आणि बरेलीच्या शाळेत तिने खेळ शिकवले होते. मुलांचा घोळका पाहून घाम फुटणाऱ्यांपैकी ती नव्हती. पण खेळ घेण्याची हौस हे काही तिच्या विरोधाचं कारण नव्हतं. कारण वेगळंच होतं आणि ते नवऱ्याला कसं सांगावं, हे तिला अजून सुचत नव्हतं. म्हणून तिने ज्ञानदालाच हाक मारली.

"तुला काय हवंय गं? जादूगार की खेळ?"

"मैजिशियन," ज्ञानदा लगेच म्हणाली. घरात मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची ही तिची रीत. "सबके बर्थडे में मैजिशियन आता है।"

इंद्रजितने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

"बरं. परवाच्या पार्टीत जादूगाराने काय केलं?"

"रूमाल से कबूतर निकाला।"

"आणि तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

ज्ञानदाने बराच विचार केला. "पता नहीं। एक लड़की थी। चुप रहने को बोला था ना, तो हमने बात नहीं की।"

इंद्रजितची मान जरा खाली गेली. सहा महिने झाले तरी पोरगी मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते, हे त्यालाही ठाऊक होतं. मध्यंतरी तीन पार्ट्यांना जाऊन आली, तिन्हीकडे मांडी घालून समोर बघत बसली, भेटवस्तूची पिशवी घेऊन परतली. वर्गातलं एक नाव काही तिच्या तोंडी आलं नाही.

"जादूगार वाईट नसतो रे," सुमेधा म्हणाली. "पण मुलं त्याच्याकडे बघतात. मला ती एकमेकांकडे बघायला हवीत."

"आणि जमलं नाही तर? चौदा पोरं आहेत, सुमेधा. धुडगूस घालतील."

"जमेल. तू पंच."

संध्याकाळी जादूगाराला नकार गेला. ज्ञानदा मात्र फुरंगटून बसली. तिची समजूत घालण्यात सुमेधाने वेळ दवडला नाही. कॉलनीतली चार पोरं गोळा करून तिने अंगणात संगीत-खुर्चीची तालीम घेतली. पहिला बाद झालेला मुलगा मुकाट्याने गेला आणि कुंडीतली माती उपसू लागला. दुसरी बाद झालेली त्याच्या मदतीला गेली. सुमेधाने संगीत बंद केलं. बाद होऊन बसावं लागेल असा एकही खेळ रविवारी नको, हे तिथेच ठरलं.

रविवारी अकराला धुकं विरलं आणि अंगणात कोवळं ऊन आलं. मुलं काही एकदम येत नाहीत, हे धरून तिने दारातच कागदी टोप्या आणि रंग मांडले होते. येईल त्याने टोपी रंगवायची आणि वर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहायचं. उशिरा येणाराही त्यात सहज मिसळत होता.

सगळ्यात शेवटी मनराज आला. दारातूनच ओरडला, "मैजिशियन कब आएगा?"

"मैजिशियन नहीं है," ज्ञानदा पुटपुटली.

"नहीं है? बोरिंग!"

दोघं-तिघं हसले. ज्ञानदाने रडवेल्या चेहऱ्याने आईकडे पाहिलं, तसा इंद्रजित पुढे सरकला. त्याने हळूच विचारलं, "फोन करून बघू का? अजून मोकळा असेल तर..."

"शिट्टी कुठाय?" सुमेधाने हात पुढे केला.

शिट्टी कर्कश वाजली. अंगणाच्या मधोमध सात चपट्या फरश्यांची लगोरी रचलेली होती आणि बाजूला स्पंजचा मऊ चेंडू.

"अरे, ये तो पिट्ठू है!" मनराजच म्हणाला.

"हमारे यहाँ लगोरी बोलते हैं," सुमेधा म्हणाली. "और हमारे दो नियम हैं। चेंडू लागला तर आउट नाही, भिंतीला हात लावून परत यायचं. दूसरा, जिसको बॉल देनी है, पहले उसका नाम बोलो। नाम गलत तो बॉल दूसरी टीम की।" बोलता बोलता मध्येच मराठी शिरलं, ते तिने हाताने करून दाखवलं. मुलांना बरोबर कळलं.

पहिली पाच मिनिटं गोंधळच होता. "ए!" "ए, ब्लू स्वेटर!" अशा हाका येत होत्या आणि इंद्रजित कडकपणे चेंडू काढून घेत होता. मग मुलं एकमेकांच्या टोप्या वाचू लागली. गुरनूर! मनराज! अनाहत!

लगोरी फुटली. ज्ञानदाच्या संघाला ती रचायची होती. सुट्टीत सांगलीला मामाच्या पोरांबरोबर ती हेच खेळायची. ती खाली बसली, मोठी फरशी आधी, मग त्याहून लहान, हात झरझर चालू लागले. मनराजने चेंडू हाणला, तो तिच्या पाठीवर बसला. ती भिंतीकडे पळाली, हात लावला, परत आली.

"ज्ञानदा, जल्दी! ज्ञानदा, छोटा वाला!" तिच्या संघातले सगळे ओरडत होते.

शेवटची फरशी बसली. "लगोरी!" ती किंचाळली. पुढच्या डावाला मनराज येऊन म्हणाला, "मैं इसकी टीम में आऊँगा।"

पोरं लाल होईपर्यंत खेळली. मग सुमेधाने त्यांना गोल बसवलं आणि कागदात कागद गुंडाळलेलं पुडकं फिरवलं. गाणं थांबलं की एक वेष्टण सोडायचं, प्रत्येक वेष्टणात एक तिळाची वडी. धापा शांत झाल्या, तेव्हा केक आला. पळून आलेल्या पोरांना लगेच खायला घातलं तर काय होतं, हे ती बरेलीच्या शाळेत शिकून बसली होती.

न्यायला आलेल्या आईबापांना कुणीच दाद देईना. मनराजची आई जसलीन तर थक्कच झाली. "सुमेधा जी, अगले महीने इसका बर्थडे है। आप गेम्स करवा दोगे?"

"घर पे ही है?"

"हाँ जी, तीसरी मंज़िल का फ्लैट। तीस बच्चे, पाँच साल के भी, बारह के भी। और सारे दादा-दादी।"

"फिर तो मैजिशियन बुलाइए," सुमेधा ताबडतोब म्हणाली. "जानेवारीतली थंडी, बंद खोली, त्यात पाच वर्षांचं आणि बारा वर्षांचं एकत्र पळवलं तर धाकटं चिरडायचं. मतलब, छोटे दब जाएँगे। मैजिक सब देख लेंगे, दादा-दादी भी। बस जादूगर को दीवार के आगे खड़ा करना, पीछे कोई न बैठे। और छोटों को आगे।"

इंद्रजितने खिशातून फोन काढला आणि जसलीनला जादूगाराचा नंबर दिला. सुमेधा तिकडे वळलीही नाही. ज्ञानदा अंगणातून तिला बोलावत होती. एक गडी कमी पडत होता. सुमेधाने ओढणी कमरेला खोचली आणि चेंडू मागितला.