चोवीस महिन्यांचा तक्ता

अकरा वर्षं विमा कंपनीत सॉफ्टवेअर लिहून ती कंटाळली होती. जुन्या मैत्रिणीने स्वतःची कंपनी काढली, माणसं इनमिन तीन, आणि हिला चौथी म्हणून बोलावलं. पगार निम्मा, शिवाय दोन टक्के शेअर्स. पण पहिलं वर्ष पुरं केल्याशिवाय त्यातला एकही हाती पडणार नाही. गुंतवणूकदाराचा पैसाही जेमतेम वर्षभर पुरेल, हे मैत्रिणीने लपवलं नाही. म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायचं. तरी कित्येक वर्षांनंतर प्रथमच तिला सोमवारची वाट पाहावीशी वाटली होती.

घरात ती आणि बाबा. बाबा जन्मभर बँकेत दुसऱ्यांच्या बेरजा तपासत आले. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही; किराणावाला त्यांना बिल देताना दोनदा मोजायचा. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तो खर्च तिच्या ऑफिसच्या विम्यातून भागायचा. नोकरी सोडली की विमा संपला, आणि नवा विमा जुन्या आजाराला इतक्यात हात लावणार नव्हता. सगळं शिल्लकीतूनच जाणार.

तिने चोवीस महिन्यांचा तक्ता मांडला. बाबा म्हणाले, कागदावर दे, पडद्यावरची बेरीज मला कळत नाही. ऑफिसला जायच्या गडबडीत तिने छापून त्यांच्यापुढे ठेवला आणि चहा टाकायला गेली.

कप घेऊन आली तेव्हा बाबांची लाल पेन्सिल घरभाडं, वीज ओलांडून डायलिसिसच्या ओळीवर पोचली होती. आठ महिने आकडे होते, नवव्यापासून शून्य. डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, ते तिने ओळीत भरलं होतं आणि छापताना साफ विसरली होती. त्या शून्यांशिवाय तक्ता जुळतच नव्हता.

बाबा थांबले. मग एकेका शून्यापुढे बरोबरची खूण करत गेले. सोळा खुणा.

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "जा तू."

"बाबा, ते चुकून..."

"चुकून नाही. मी तपासलंय."

तिला तिथेच मरून जावंसं वाटलं. ऑफिसात पोचताच तिने ती ओळ चोविसाव्या महिन्यापर्यंत भरली. शिल्लक पंधराव्या महिन्यातच आटली. मैत्रिणीला तिने नकार कळवला. मैत्रीण म्हणाली, थोडी थांबते. पण तिला तरी किती थांबता येणार होतं? महिन्याभरात ती जागा भरली.

बाबांना तिने नकाराचं सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदाच तिच्यावर चिडले आणि दोन दिवस बोलले नाहीत. त्या दोन दिवसांची हळहळ तिला अजून आहे.

बाबा सहाव्या महिन्यात गेले. तिने तक्त्यात दोन महिने जास्तच धरले होते.