लाल खुंटीवरचं पॅडल

आमच्या ट्रेलर पार्कमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, पिकलबॉलच्या कोर्टाशेजारी एक लाकडी फळी आहे. पिकलबॉल म्हणजे टेनिसचं धाकटं भावंड: लहान कोर्ट, प्लास्टिकचा भोकाभोकांचा चेंडू आणि रॅकेटऐवजी पॅडल नावाची चपटी बॅट. डावीकडे लाल खुंट्या, उजवीकडे निळ्या. सकाळी आलं की आपलं पॅडल खुंटीला अडकवायचं आणि पाळी येईपर्यंत बाकावर कॉफी घेत बसायचं. लाल म्हणजे सकाळच्या गारव्यात खेळणारे जुने, मुरलेले गडी. निळे म्हणजे नवशिके. त्यांना कोर्ट मिळायचं ते दुपारी. आणि ॲरिझोनातली दुपार म्हणजे, फेब्रुवारीतसुद्धा, टाळू तापवणारी.

एका सोमवारी व्हर्नाचं पॅडल निळ्या खुंटीवर लटकलेलं दिसलं. तिने लावलं होतं लालवर. ती प्रसाधनगृहात गेली तेवढ्यात कुणीतरी हलवलं होतं.

"रोली, हे तू केलंस?" तिने विचारलं.

रोली कोर्टाचा कारभार बघायचा. मनाने वाईट नव्हता. पण वाईट बातमी तोंडावर सांगणं त्याला कधी जमलं नाही. "तुझ्याच भल्यासाठी गं," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. "गेल्या आठवड्यात केंटचा फटका चष्म्यावर बसला. उद्या डोळा गेला तर?"

"चष्मा माझा, डोळा माझा."

"आणि जबाबदारी माझी."

केंट त्या हिवाळ्यात नवीन आला होता. साठीचा, म्हणजे आमच्यात पोरगाच. जन्मभर टेनिस खेळलेला, त्यामुळे प्रत्येक चेंडू भिंत फोडायची असल्यासारखा मारायचा. चष्मा फुटल्यावर त्याने चारचारदा माफी मागितली होती, पण फटके काही कमी केले नव्हते.

व्हर्ना पॅडल काढून घेऊन घरी गेली. मला मात्र तिचं दुखणं ठाऊक होतं. हे कोर्ट आधी नुसतं पडीक काँक्रीट होतं. आम्ही सगळे बर्फाळ मिनेसोटाहून इथे हिवाळा काढायला येऊ लागलो तेव्हा तिच्या नवऱ्याने, जीनने, गुडघ्यांवर बसून त्यावर रेषा रंगवल्या. जीन गेल्यावर दिवसभर तिच्याशी बोलणारं असं कोण होतं? होती ती फक्त कोर्टावरची सकाळ. ती गेली की ट्रेलर आणि टीव्ही.

संध्याकाळी मी तिच्या दारात गेले. "शनिवारी आपण दोघी रोली आणि केंटशी खेळू. जिंकलो तर पॅडल लालवर. रोलीला मी विचारलंय, तो तयार आहे."

"मार्लिस, तुला वेड लागलंय. त्याचा चेंडू मला दिसतसुद्धा नाही."

"दिसतो. तू मूठ आवळतेस, म्हणून तो वर उडतो. मग केंट तोच परत तुझ्या नाकावर मारतो."

तिने मान हलवली. मग विषय बदलायला म्हणाली, "माझी संत्री उतरवून दे. झाड ओझ्याने वाकलंय."

मी स्टुलावर चढून संत्री खाली टाकू लागले. व्हर्ना ती झेलत होती, तीही बोलता बोलता, न बघितल्यासारखं करत. एकही संत्रं आपटलं नाही. फळ हातात येताना तिचा हात त्याच्याबरोबर जरासा खाली जायचा, बोटं सैल असायची. मी मुद्दाम एक जोरात फेकलं. तेही तसंच अलगद विसावलं.

"हे काय केलंस आता?" मी विचारलं.

"काय केलं? झेललं."

"मग पॅडलने हेच कर. मारू नकोस. झेल."

नेटच्या दोन्ही बाजूंना सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. त्या पट्ट्यात किंवा त्याच्या रेषेवर पाय ठेवून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. टप्पा पडला तर मारा खुशाल. म्हणून समोरचा किचनच्या रेषेशी उभा राहून धडाधड मारत असेल, तर उपाय एकच: चेंडू त्याच्याच किचनमध्ये, नेटपलीकडे, मऊ टाकायचा. तिथून त्याला खालून वर हळूच उचलावा लागतो. जोराला वावच उरत नाही. फटक्याचा असा जीव काढून घेण्याला आम्ही रिसेट म्हणतो, आणि मग किचन ते किचन जे हळू टाकणं चालतं त्याला डिंक.

त्या आठवड्यात कोर्ट रिकामं झालं की मी व्हर्नावर फटके मारत होते. पहिल्या दिवशी चेंडू कुंपणाबाहेर. "मूठ सैल," मी ओरडायचे. "पॅडल छातीपुढे, मागे नेऊ नकोस. गुडघे वाकव."

"गुडघे असते तर वाकवले असते," ती म्हणायची.

तिसऱ्या दिवशी एक चेंडू तिच्या पॅडलला लागला आणि आवाजच झाला नाही. नेटवरून घसरल्यासारखा पलीकडे पडला. व्हर्ना पॅडलकडे बघत राहिली. "संत्रं," ती म्हणाली.

शनिवारी बाकावर माणसं दाटीने बसली होती. केळ्याचा केक फिरत होता.

"काय पोरींनो, हेल्मेट आणलंत ना?" केंट हसत म्हणाला.

"आणलंय, तुझ्यासाठी," व्हर्ना म्हणाली.

सुरुवात वाईट झाली. व्हर्नाने दोनदा मूठ आवळली, चेंडू दोन्ही वेळा वर गेला आणि केंटने तो आमच्या पायांशी आपटला. मी तिच्या कानात फक्त "संत्रं" म्हणाले. मग तिचा जम बसू लागला. केंट मारायचा, व्हर्ना झेलायची. तो चिडून आणखी जोरात मारायचा. नेटपेक्षा खाली आलेले चेंडूही हाणू लागला. ते नेटमध्येच अडकायचे. एक खांद्यापर्यंत आला तर व्हर्ना नुसती बाजूला झाली, आणि तो रेषेबाहेर पडला.

"अरे, दम धर," रोली त्याला म्हणाला. "डिंक कर."

"हा माझा खेळच नाही," केंट पुटपुटला.

खेळ अकरा गुणांचा. आम्ही दहावर पोचलो, ते नऊवर. व्हर्नाने सर्व्हिसआधी आकडे पुकारले, "दहा, नऊ, दोन." दोन म्हणजे आमची शेवटची सर्व्हिस, हा गुण गेला की सर्व्हिस त्यांच्याकडे.

रोलीने चेंडू माझ्याकडे पार मागच्या रेषेपाशी परतवला. मी तो मऊ करून त्यांच्या किचनमध्ये टाकला आणि आम्ही दोघी रेषेपर्यंत पुढे आलो. डिंक सुरू झाले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाकावर केक फिरायचा थांबला. मग माझाच एक डिंक जरा उंच गेला.

केंटने तो सरळ व्हर्नाच्या छातीवर हाणला.

तिने पॅडल फक्त पुढे धरलं. चेंडू मरून पलीकडे पडला. केंटने वाकून तो पॅडलने माझ्याकडे उचलला, मी तो पुन्हा त्याच्या पुढ्यात टाकला, आणि त्याने तो टप्प्यानंतर व्हर्नाच्या अंगावर खेचला. पुन्हा तिची बोटं सैल. या वेळी चेंडू नेटच्या अगदी माथ्याला लागून त्याच्या बाजूला उतरू लागला. केंटला धीर धरवला नाही. टप्पा पडण्याआधीच त्याने झेप घेतली आणि तो आमच्या दोघींच्या मधून सणसणीत मारला.

चेंडू आत पडला. केंटने मूठ वर केली.

"थांब," रोली म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो केंटच्या बुटाकडे बघत होता. "तुझा पाय रेषेवर आहे."

केंटने खाली पाहिलं. जीनने रंगवलेल्या रेषेवर त्याच्या बुटाचं टोक चांगलंच चढलेलं होतं. त्याने हळूच मूठ खाली आणली.

"किचन," तो म्हणाला. "गुण त्यांचा. अकरा."

बाकावर टाळ्यांचा आवाज उठला. कुणाच्या तरी हातातला केक पडला. केंट नेटपाशी आला, व्हर्नाच्या पॅडलला त्याने आपलं पॅडल टेकवलं. "हे मला शिकवाल का?" त्याने विचारलं.

"दुपारी ये," ती म्हणाली. "झाडावर संत्री अजून आहेत."

रोली फळीकडे गेला. हात पुढे करून म्हणाला, "आण, मी लावतो."

"राहू दे. गेल्या वेळी लावलंस तेवढं पुरे."

तिने पॅडल स्वतः लाल खुंटीला अडकवलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि लगेच पुन्हा काढून घेतलं. आमच्यात जिंकणारे कोर्ट सोडत नाहीत.

"पुढचे कोण?" तिने बाकाकडे वळून विचारलं.