पाझर तलावावरचे चारशे मजूर

अहमदपूरच्या तहसीलसमोर जलीलभाई अर्ज लिहून द्यायचे. जिल्हा नवा झाला होता. माझ्या कर्जाच्या अर्जावर त्यांनी उस्मानाबाद लिहून खोडलं, लातूर केलं.

"उद्देश?"

"पिठाची गिरणी. साडेसात हॉर्सपॉवरची मोटार. बारा हजार लागतात."

"अन् फेडणार कशातून? बँक आधी तेच विचारते."

गावाजवळ दुष्काळी कामावर पाझर तलाव चालू होता. मजुरीतला काही भाग गव्हाचा. मी तेच सांगितलं. जलीलभाईंनी लिहिलं, 'चारशे मजूर रोज दळण आणतील. काम तीन वर्षे चालेल अशी खात्री आहे.' मला वाचून दाखवलं. मी सही केली आणि अर्ज बँकेत दिला.

सोमवारचा उपवास होता. घरी येऊन महादेवापुढे बसले. पाऊस पडू दे म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द निघेना. सही तर दुष्काळावर केली होती.

डोळे मिटले की दळणाची रांग दिसायची. रांगेत शेवटी माझी पुष्पा, हातात गव्हाची पिशवी. बहात्तरला खडीच्या कामावर हगवण लागून गेली ती, सात वर्षांची. दुसऱ्या दिवशी दिवा लावताना दिसली. नंतर भर दुपारी, उंबऱ्याशी. नंबर कधी लागतो, एवढंच बघायची.

नवव्या दिवशी मी बँकेत गेले. कर्ज बघणारे शेषेराव साहेब अर्ज काढून बसलेच होते.

"बाई, काम बंद पडलं तर हप्ता कुठून?"

"तेच सांगायला आले, साहेब. मजुरांची ओळ काढा."

"अहो, त्या ओळीवर तर बारा हजार बसतात!"

"गावातली साठ घरं हायेत. आठवड्याला दळण लागतंच. तेवढंच लिवा."

त्यांनी कागदावर आकडेमोड केली. विजेचं बिल, पट्टा, गिरणीच्या दगडाला टाकी लावायचा खर्च वजा केला. "साठ घरांवर सहा हजार. त्यात नवी मोटार येत नाही. जुनी बघा, तिचं कोटेशन नंतर आणलं तरी चालेल. अन् नवा अर्ज आजच द्या. खाडाखोड चालत नाही."

तहसीलसमोर, सगळं ऐकून जलीलभाई कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "आधा कर्जा हातानं घालवला! लोक वाढवून मागतात, बाई."

"लिवा तुम्ही."

लिहिता लिहिता त्यांनी हळूच विचारलं, "अन् पाऊस न्हाईच आला तर? मजूर दळायला येतील की."

"येतील. दळून देईन. पण त्यांच्यावर माझा हप्ता न्हाई लिवायचा."

त्यांनी कागद पुढे सरकवला. माझ्यामागे पिशवी जमिनीवर टेकल्यासारखा आवाज आला. मी मागे पाहिलं नाही. सही केली, आणि शेषेराव साहेब जेवायला उठायच्या आधी अर्ज घेऊन मी बँकेत शिरले.