मथुरेच्या जात्यात अडलेलं नाव

ओव्यांत कोणाचं किती येतं, याचा हिशेब आमच्या आळीत मी ठेवते. मला तो कोणी सांगितलेला नाही. पण दळणाला वैरण घालायला, म्हणजे जात्यात मुठीमुठीनं दाणे सोडायला, मला बोलावतात आणि वैरण घालणारीचे हात अडकलेले असले तरी कान मोकळे असतात. गंगू नवऱ्याचं नाव घेत नाही पण त्याच्या बैलांवर सात ओव्या घालते. सखूला सासूवर राग असला की ती 'काटेरी बोर' म्हणते, आणि सासूला कळतंही. मथुरेचा हिशेब मात्र मला कधीच जुळला नाही. तिला भाऊ दोन. धाकट्या सोपानावर मी चौऱ्याहत्तर ओव्या मोजल्या. थोरल्यावर एकही नाही.

कारण सगळ्या आळीला ठाऊक होतं. थोरल्याचं नाव केरबा, आणि मथुरेच्या सासऱ्याचं नावही केरबा. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही. मथुरा तर 'केर' हा शब्दसुद्धा तोंडात आणायची नाही. अंगण झाडून झालं की ती म्हणायची, "गदळ काढलं." तिची सासू राहीबाई या बाबतीत फार कडक. तिनं स्वतः नवऱ्याचं नाव पन्नास वर्षांत घेतलं नव्हतं.

बिननावाची ओवी घातली असती तर? मथुरेनं तेही करून बघितलं होतं. 'माझा बंधुराजा' म्हणून तिनं चांगल्या दहाबारा ओव्या घातल्या. पण ओवीत नाव नसलं की ती ज्याच्या कानावर पडते त्याची होते. दर वेळी सोपानच भाकरी खात ओट्यावर बसलेला असायचा.

मथुरेच्या मुलीचं, सुंदराचं लग्न ठरलं. हळद दळायच्या दिवशी सकाळी केरबा गाडी घेऊन आला. आहेराचं गव्हाचं पोतं, लुगडं, सगळं रीतीनं आणलेलं. पण बैल सोडायला तयार नाही. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाला, हे उतरवून घ्या, मी निघतो. मुलीच्या पाठीमागं मामा म्हणून उभं राहायला सोपान आहेच.

मी म्हटलं, थोरला मामा असताना धाकटा उभा राहिला तर लोक काय म्हणतील?

"लोकांचं सोडा, शेवंताकाकी. बावीस वर्सं झाली. सासऱ्याचं नाव हाय, मला कळतंय. मी काय येडा न्हाई. पण अक्का ओवी घालाय बसली की दगडाला पाझर फुटतोय म्हणतात. तिला माझ्यासाठी एक वाट काढता येईना व्हय?"

मी आत जाऊन मथुरेच्या कानात तेवढं सांगितलं. ती जात्याच्या खुंट्याला विड्याचं पान आणि हळकुंड बांधत होती. गाठ दोनदा सुटली.

समोर सासू येऊन बसली, कारण हळदीच्या जात्याला घरची सुवासीण समोर लागते. दोघींनी एकच खुंटा धरला. भोवती आळीतल्या बायका बसल्या. हळकुंडं कुटून बारीक केलेली होती, तरी जातं जड जात होतं. मथुरेनं सुरुवात केली.

*पहिली ओवी घालू, जात्याच्या खुंट्याला,*
*हळकुंड आलं बाई, देवाच्या वाट्याला.*
*दळू बाई हळद, सुंदरा नवरीची.*

शेवटची ओळ म्हणजे पालुपद. ते दोघींनी म्हणायचं आणि तेवढ्यात मी मूठ घालायची. अर्ध्या ओळीला जात्याचा एक फेर. शब्द कमी पडले तर 'ग बाई' घालून फेर भरून काढायचा. जास्त झाले तर गिळायचे. ओवी सुरू झाली की जातं मध्येच थांबवायचं नाही, आणि समोरचीनं ओवी उचलून पुन्हा म्हणायची. एकीनं म्हटलेलं समोरचीनं म्हटलं नाही तर ओवी जमिनीवर पडली, असं आम्ही मानतो.

मग कुळाची झाली, व्याह्यांची झाली. भावांची पाळी आली.

*दिवाळीच्या सणाला, दारात आली गाडी,*
*सोपान भाऊ माझा, निवडतो साडी.*
*दळू बाई हळद, सुंदरा नवरीची.*

पंच्याहत्तर, मी मनात म्हटलं. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. केरबा गाडी वळवत होता.

मथुरेनं पुढची ओवी लगेच घेतली नाही. दोन फेर नुसतेच गेले. जातं रिकामंच घरघरलं. मग तिनं डोळे मिटले.

*सारवलं अंगण ग, काढिला बाई केर—*

राहीबाईचा हात खुंट्यावर आवळला गेला. बावीस वर्षांत न आलेला शब्द सुनेच्या तोंडून बाहेर पडला होता. पण मथुरेनं श्वास घेतला नाही. ओळीचा शेवट तिनं तसाच ताणून पुढच्या ओळीवर नेऊन टेकवला.

*—बा माझ्या थोरल्या, तूच माझं माहेर.*

केर इकडच्या ओळीत, बा तिकडच्या. एकेकटं बघितलं तर एक अंगणातला कचरा, एक लाडाची हाक. मध्ये यमकाची भिंत. कोणी सून म्हणून बोट ठेवावं तर कशावर ठेवावं?

पण आता ओवी राहीबाईकडे होती. ती उचलायची तर पुरी उचलायची, आणि जातं तर फिरत होतं. म्हातारीनं सुनेकडे बघितलं. मथुरेच्या गालावरून पाणी हळदीत पडत होतं, आणि हात सोडता येत नव्हता म्हणून पुसताही येत नव्हतं.

म्हातारीनं ओवी उचलली. तिचा आवाज चिरका, आणि दम अपुरा. 'केर' आणि 'बा' यांच्यात भिंत ठेवण्याइतका तो लांबलाच नाही. दोन्ही एकदमच आले.

ओट्यावरून सासरा म्हणाला, "ओ. कोण हाक मारतंय?"

जातं थांबलं नाही, पण आम्ही सगळ्या हसून वाकलो. राहीबाई पदर तोंडात धरून बसली. तरण्या पोरीसारखी लाजली होती. मग खुंटा ओढत ती सुनेला म्हणाली, "म्हण पुढचं. गेलं ते गेलं आता."

मथुरेला पुढचं सुचायला वेळ लागला नाही. केरबा जन्मला त्याच्या आधी तिच्या आईची तीन पोरं गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा त्याला केरावर ठेवलं होतं, यमाला तो कवडीमोलाचा वाटावा म्हणून. उचलून आणायला सहा वर्षांच्या मथुरेला पाठवलं होतं.

*केरात पडला, सोन्याचा बाई मणी,*
*वेचून घेतला ग, मीच त्याची बहिणी.*
*दळू बाई हळद, सुंदरा नवरीची.*

ही राहीबाईनं लगेच उचलली, आणि या वेळी तर बायकांनीही धरली.

हळद संपली. मी बाहेर गेले. बैल सुटलेले होते आणि केरबा जू हातात धरून तसाच उभा होता. त्यानं मला विचारलं की ती मण्याची ओवी अक्का पुन्हा म्हणेल का. मी सांगितलं, दळण सरलं, आणि रिकाम्या जात्यावर ओवी घालत नाहीत.

त्यानं जू खाली ठेवलं. पोत्याची शिवण उसवली आणि दारातलं सूप घेऊन गच्च गहू भरले.

"मग हे दळायला घ्या म्हणावं," तो म्हणाला. "आणि तिला सांगा, सावकाश दळ. मी लग्न होईतो हितंच हाय."