एकशे सोळा

चिलीतल्या आरिकाहून पेरूतल्या ताक्नाला जायचं म्हणजे सीमा ओलांडून दात बसवून घ्यायचे, पोटभर जेवायचं आणि संध्याकाळी परत. चिलीपेक्षा पेरूत दात स्वस्त. माणसं नेण्याचा हा धंदा मी आणि एलिओदोरो दोघं मिळून करायचो. माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, म्हणजे घरचाच माणूस. तिकिटं माझ्याकडे, कागदपत्रं त्याच्याकडे. प्रत्येक प्रवाशाच्या हातात एक कार्ड ठेवायचं, त्यावर अडचणीच्या वेळचे नंबर. "एकेक लावून बघितलाय मी," असं त्यानं मला सांगितलं होतं, आणि मी कधी तपासलं नाही.

त्या दिवशी माझी आई, इस्मेनिया, सोबत होती. दाढ काढून झाल्यावर तिला भाड्याच्या खोलीवर आडवं केलं. मालकीण बाजाराला गेलेली, बाकी घरात कोणी नाही. थोड्या वेळात आईचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. मी कार्ड काढलं. रुग्णवाहिका, १३१. आमच्याकडे चिलीतही हाच, म्हणून शंकाच आली नाही. हा नंबर अस्तित्वात नाही, म्हणाली फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई. मला वाटलं माझ्या फोनचीच काही भानगड आहे. फोन बंद करून चालू केला, गच्चीवर धावले, पुन्हा लावला. कार्डावरचा आगीचा १३२ लावला, पोलिसांचा १३३ लावला. सगळीकडे तीच बाई. दोष फोनचा, रेंजचा, माझ्या नशिबाचा, कार्डाचा मात्र नाही. वीस मिनिटं गेली.

तेवढ्यात एलिओदोरो जेवून आला. आईकडे एक नजर टाकली आणि खिशातून फोन काढून कशाकडेही न बघता तीन आकडे दाबले. "अग्निशमन? घरात एक बाई, पक्षाघात वाटतो," आणि रस्त्याचं नाव, घर नंबर सांगितला. ताक्नात रुग्णवाहिकेचा १०६, पण आगवाल्यांचे स्वयंसेवकही रुग्णाला धावतात, ११६ वर. पोलीस १०५. हे सगळं मला त्या दिवसानंतर कळलं. गाडी सात मिनिटांत आली.

आई वाचली. बोलणं परतलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर मी ते कार्ड नखानं खरवडलं. "ताक्ना" लिहिलेली चिकटपट्टी निघाली आणि खाली "चिली" छापलेलं दिसलं. गेल्या वर्षी चिलीतल्या सहलींसाठी छापलेली पाचशे कार्डं उरली होती, असं एलिओदोरो म्हणाला. वाया कशाला घालवायची? आजवर कोणाला गरज पडली होती? शिवाय पट्टीवर घातलेला इथल्या चिलीच्या वकिलातीचा नंबर तरी बरोबर आहे, तेवढं बघ. हो, पासपोर्ट हरवला तर कामाला येतो तो, श्वास अडकला तर नाही.

मी ओरडले नाही. "एलिओदोरो," मी विचारलं, "एकशे सोळा तुला तोंडपाठ कसा?"

तो म्हणाला, "माझ्या बायकोला घेऊन येतो ना मी इथं, तिच्यासाठी पाठ केला."