टाकी खाली

सुरक्षा अधिकारी भाषेचा मोठा जाणकार होता, असं त्याचं स्वतःचं मत होतं. दुसऱ्या कुणाला विचारायची वेळ त्याने कधी येऊ दिली नाही. कारखान्यातल्या इंग्रजी पाट्या मराठी आणि हिंदीत करून घ्या, असा वरून हुकूम आला, तेव्हा त्याने पाट्यांच्या दुकानातल्या भाषांतर करणाऱ्या बाईला बोलावून घेतलं. तिचे कागद पुढ्यात ओढले आणि लाल पेन उघडलं.

बाईने काम मन लावून केलं होतं. टाक्यांच्या आवारातल्या पाटीसाठी तिने मराठीत लिहिलं होतं, 'टाकी रिकामी दिसली तरी आत नायट्रोजन वायू असतो. आत उतरू नका. दोन श्वासांत शुद्ध हरपून मृत्यू होतो.' त्याच्याखाली तेच सगळं हिंदीत, स्वतंत्र.

"बाई, ही पाटी आहे की कादंबरी?" साहेब म्हणाला. "आणि दोनदा कशाला? लिपी एकच आहे ना? मग एका ओळीत दोघांचंही भागवा. टाकी हे तुमचं मराठी, खाली हे त्यांचं हिंदी. प्रवेश मना सगळ्यांना कळतं." आणि त्याने ऐटीत लिहिलं, 'टाकी खाली. प्रवेश मना.'

बाईला ते तिथल्या तिथे खटकलं. "साहेब, हिंदीत खाली म्हणजे रिकामी. मराठी माणूस वाचेल टाकीच्या खाली. टाकीखाली जायला मनाई."

"मधे टिंब दिलंय की!"

"आणि वायूचं?"

"आत जायचंच नाही, तर आत काय आहे याच्याशी त्यांना काय करायचंय?"

आता खरं तर इथे भांडायला हवं होतं. पण साहेबाला दुखवू नका, असं दुकानमालकाने निघतानाच बजावलं होतं, आणि याच साहेबाच्या शब्दावर बाईच्या धाकट्या दिराला टाक्या बाहेरून धुणाऱ्या टोळीत काम लागलं होतं. तिने मूग गिळले. 'भाषांतर तपासले, योग्य आहे' या ओळीखाली सही करून ती मोकळी झाली.

पाटी झाली. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं कापून चिकटवलेली. टाकी चार लोखंडी पायांवर उभी होती. त्यातल्या एका पायाला, शिडीशेजारी, माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी ती ठोकली. वाटाण्याएवढं ते टिंब पहिल्याच धुलाईत निघून गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि येणार तरी कसं?

घरी बाईच्या भाषांतराची एरवी चेष्टाच चालायची. नवरा तिला शब्दकोश म्हणायचा आणि सासू म्हणायची, लिहून लिहून डोळे जातील. त्यामुळे एका संध्याकाळी दीर पानावर बसता बसता म्हणाला, "वहिनी, तुमची पाटी लागली बरं का!" तेव्हा ती वाढायची थांबली.

"मी सगळ्या टोळीला मोठ्याने वाचून दाखवली. टाकीखाली प्रवेश मना. आमची सावलीत बसायची सोय गेली, पण बरोबर आहे, वरून ठिबकतं तिथे. इतकी वर्षं नुसती इंग्रजी. पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला कळेल असं लिहिलं."

त्याची बायको वहिनीकडे कौतुकाने बघत होती. तिला अक्षरओळख नव्हती. नवऱ्याला वाचता येतं याचाच तिला केवढा अभिमान, त्यात आता वाचायचं ते जावेनेच लिहिलेलं. नवऱ्यानेसुद्धा शब्दकोश न म्हणता मान डोलावली.

भाऊजी, तसं नाही ते, हे वाक्य बाईच्या जिभेवर आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर सगळ्या पानांवर हशा पिकला असता. घरात इतक्या वर्षांनी झालेलं पहिलं कौतुक तिला घालवायचं नव्हतं. उद्या साहेबाला फोन करून पाटी बदलून घेऊ, असं तिने मनाशी ठरवलं.

"बरं वाटलं ऐकून," ती म्हणाली आणि त्याला आग्रहाने वाढलं.

साहेबाला तिने फोन केला, हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या ऑर्डरीत बघू, म्हणाला तो. तिने पुन्हा केला नाही. आणि घरात, एका भिंतीपलीकडे झोपणाऱ्या माणसाला सांगायला तर फोनही लागत नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दिराच्या हातून नट आवळायचा पाना टाकीच्या वरच्या झाकणातून आत पडला. टाकीत उतरायचं तर लेखी परवाना हवा, आतल्या हवेत प्राणवायू किती ते मोजायला हवं, बाहेर एक माणूस राखणीला हवा. हे सगळे नियम होते. ते साहेबाच्या कपाटात होते, इंग्रजीत. दिराने वाकून पाहिलं. टाकी कोरडी, स्वच्छ, रिकामी. वास नाही, धूर नाही. टाकीखाली जायची मनाई होती, ती त्याने कसोशीने पाळली होती. तो आत उतरला आणि पान्याला हात लागायच्या आत कोसळला. बाहेर काढला तेव्हा अंगावर ओरखडाही नव्हता.

चौकशी साहेबाच्याच खोलीत झाली. पाटी उतरवून टेबलावर ठेवली होती.

"मयत कामगाराला वाचता येत होतं?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

"येत होतं म्हणजे?" विधवा ताठ बसली. "सगळ्या टोळीला तेच वाचून दाखवायचे."

साहेबाने सुटकेचा निःश्वास टाकला. बिचारीला कळलंही नाही की नवऱ्याचा मोठेपणा सांगता सांगता तिने त्याच्याच गळ्याला फास लावला.

"पाटी होती, वाचता येत होतं, तरी उतरला," अधिकारी म्हणाला. मग तो बाईकडे वळला. "सही तुमची आहे. मराठीत या पाटीचा अर्थ काय होतो?"

साहेब खिडकीबाहेर बघत होता. बाईने पाटीकडे पाहिलं. टिंबाच्या जागी डिंकाचा डाग उरला होता.

"टाकी रिकामी आहे, आत जाऊ नये," ती म्हणाली.

"दुसरा काही अर्थ?"

"नाही."

"असं कसं, ताई?" जाऊ पुढे झुकली. "टाकीखाली, असं वाचलं होतं ना त्यांनी? जेवताना? तुम्ही म्हणालात, बरं वाटलं ऐकून."

"म्हणाला होतात?" अधिकाऱ्याने विचारलं.

"ती दुःखात आहे, साहेब," बाई म्हणाली. "तिला आठवत नसेल नीट."

जावेने तोंडाला पदर लावला. चूक मयताची ठरली.

कारखान्याने दया म्हणून जावेला झाडलोटीला ठेवलं. दुकानाला नवं काम मिळालं, फाटकाजवळच्या मोठ्या पाटीचं. या वेळी साहेबाने लाल पेन उघडलंच नाही. दोन्ही भाषा वेगळ्या, पूर्ण वाक्यं, दोन अर्थ निघतील असा एकही शब्द नाही. पाटी पाहायला बाई गेली, तेव्हा जाऊ ओल्या फडक्याने तीच पुसत होती.

"ताई, वाचून दाखवा ना. मला कोण दाखवणार आता?"

बाईने इकडेतिकडे पाहिलं. मग वाचलं, "सूचना वाचता येत असूनही न पाळल्यास होणाऱ्या मृत्यूला कामगार स्वतः जबाबदार राहील."

जावेने कोपऱ्यातला एक डाग घासून काढला.

"ही तरी बरोबर लिहिलीत ना?" तिने विचारलं.

"हो," बाई म्हणाली. "ही अगदी बरोबर आहे."